वेडिंग फोटोग्राफरचं पॅकेज: तासाचा भाव काढायच्या आधी आपल्या लग्नाचे तास मोजा

प्रश्न: बहिणीचं लग्न डिसेंबरमध्ये नाशिकला आहे. आदल्या दिवशी सकाळी 10 ते 1 हळद, संध्याकाळी 6 ते साडेनऊ सीमांत पूजन आणि साखरपुडा. लग्नाच्या दिवशी सकाळी 8 पासून तयारी, 12:21 चा मुहूर्त, 3 पर्यंत सगळं आटोपेल, मग साडेसहा ते साडेदहा रिसेप्शन. तीन कोटेशन आलीत.
पहिला: 65,000, एक दिवस 8 तास, तीन माणसं, 30 शीटचा अल्बम. जादा दिवस 30,000 (दोन माणसं, 8 तास), जादा तास माणशी 1,500, व्हिडिओ एडिटिंग आणि रिटचिंगचे 15,000 वेगळे.
दुसरा: 1,20,000, दोन दिवस रोज 10 तास, लग्नाला चार माणसं, आदल्या दिवशी दोन, 40 पानी अल्बम, जादा शीट 700, जादा तास 4,000, एडिटिंग धरून.
तिसरा: 90,000, दोन दिवस फुल डे, दोन माणसं, 50 पानी दोन अल्बम, एडिटिंग फोटोमागे 80.
फुल डे म्हणजे 12 तास धरले तर तासाला अनुक्रमे 8,125, 6,000 आणि 3,750 पडतात. तिसराच घ्यावा ना?

उत्तर:

दादा, गणित बरोबर आहे पण भागलंय चुकीच्या आकड्याने. मी सोळा वर्षं लग्नं करतोय (म्हणजे लोकांची, फोटो काढतोय) आणि दर सीझनला दोन-तीन घरं हाच हिशोब घेऊन येतात. पॅकेजची रक्कम भागिले पॅकेजमधले तास. त्यात दोन गोष्टी सुटतात. एक म्हणजे त्या तासात किती माणसं काम करतायत आणि दुसरी म्हणजे ते तास तुमच्या लग्नाच्या तासांशी जुळतात का. तुम्ही वेळापत्रक दिलंय ते फार बरं केलं, निम्मे लोक तेच देत नाहीत आणि मग कोण काय सांगणार.

आधी माणसांचं बघू, कारण तिथेच तिसऱ्याचा 3,750 चा भाव फसवा निघतो. त्याची दोन माणसं म्हणजे बहुतेक एक फोटोवाला आणि एक व्हिडिओवाला. आता सकाळी 8 ला तुमची बहीण एका खोलीत तयार होत असते आणि नवरदेव दुसऱ्या खोलीत, कधी कधी तर दुसऱ्या मजल्यावर. एक माणूस दोन्हीकडे नसतो. तो नवरीकडेच थांबतो आणि मुलाकडच्यांच्या अल्बमात नवऱ्याचा फेटा बांधतानाचा एकही फोटो येत नाही. मग मुहूर्त. अंतरपाट धरलेला, शेवटचं मंगलाष्टक, अक्षता उडतायत आणि पाट खाली जातो, हे सगळं काही सेकंदात होतं. एका बाजूला बहिणीचा चेहरा, दुसऱ्या बाजूला नवऱ्याचा, खाली उभ्या आईचे डोळे भरलेले. एकटा फोटोग्राफर यातलं एक पकडतो. मी पहिली चार वर्षं एकट्याने लग्नं केली त्यामुळे हे सांगतोय, नवरीचा फोटो अप्रतिम यायचा आणि नवरदेव माझ्याकडे पाठ करून उभा. कानपिळीच्या वेळी तर तुम्ही स्वतः त्या फ्रेममध्ये असणार, तेव्हा तुमचा चेहरा दिसायला हवा की नवऱ्याचा कान, हे एका कॅमेऱ्यात जमवताना तारांबळ उडते.

म्हणून मी लोकांना सांगतो की तास नका मोजू, माणूस-तास मोजा. तीन माणसं दोन तास म्हणजे सहा. तुमच्या वेळापत्रकात प्रत्यक्ष कामाचे तास किती? आदल्या दिवशी हळदीचे 3 आणि संध्याकाळचे साडेतीन, म्हणजे साडेसहा. लग्नाच्या दिवशी 8 ते 3 चे 7 आणि रिसेप्शनचे 4, म्हणजे 11. एकूण साडेसतरा तास कार्यक्रम. यावर तिसऱ्याचे 35 माणूस-तास होतात, पहिल्याचे 46 आणि दुसऱ्याचे 57. हे आकडे बाजूला लिहून ठेवा, पुढे लागतील.

आता जादा तासांचं, जिथे सगळी भांडणं होतात. पहिल्याने 8 तास लिहिलेत. लग्नाच्या दिवशी त्याची माणसं सकाळी 8 ला आली की दुपारी 4 ला त्याचे तास संपले, आणि रिसेप्शन तर अजून सुरूही झालेलं नाही. बहुतेक लोक घड्याळ सलग धरतात, म्हणजे सकाळी 8 ते रात्री साडेदहा हे साडेचौदा तास, मधे पोरं हॉलच्या मागे खुर्च्या टाकून झोपलेली असली तरी. तसं धरलं तर साडेसहा तास जादा, आणि त्याचा दर माणशी आहे हे तुम्ही लिहिलंय पण हिशोबात घेतलं नाहीये. तीन माणसांचे तासाला 4,500, साडेसहा तासांचे 29,250. आदल्या दिवशी 10 ते साडेनऊ म्हणजे साडेअकरा तास, त्याचे 8 गेले, उरलेले साडेतीन तास दोन माणसांचे, 10,500. म्हणजे 65,000 आणि 30,000 आणि 15,000 मिळून जे 1,10,000 दिसत होते ते 1,49,750 झाले. दुसऱ्याचंही तसंच, दोन दिवस मिळून 6 तास जास्त होतात, 4,000 ने 24,000, म्हणजे 1,20,000 चे 1,44,000.

पण थांबा, इथेच विचारायची गोष्ट आहे. मधला रिकामा वेळ धरणार का? आदल्या दिवशी 1 ते 6 पाच तास काही नाही, लग्नाच्या दिवशी 3 ते साडेसहा साडेतीन तास काही नाही. तो वेळ सोडला तर दुसऱ्याचा आदला दिवस 10 तासात आरामात बसतो आणि लग्नाचा दिवस फक्त एक तासाने पुढे जातो. आणि जर त्याला म्हटलं की दोन दिवसांचे 20 तास एकत्र धरा, दिवसाला 10 असं बांधू नका, तर तुमचे साडेसतराच होतात, जादा काहीच नाही. नुसत्या या दोन प्रश्नांवर 24,000 वाचतायत. पहिल्याकडे रिकामा वेळ सोडला तर लग्नाच्या दिवसाचे फक्त 3 तास जादा, 13,500, एकूण 1,23,500.

फोटोग्राफर याला हो म्हणेल का, हे परिस्थितीवर आहे आणि मी दोन्ही बाजूंनी बोलतो. मधल्या साडेतीन तासात माझी पोरं दुसरं काम घेऊ शकत नाहीत, त्यांना दिवसाचाच पगार द्यावा लागतो, त्यामुळे सलग धरणारा माणूस काही लबाड नसतो. माझा स्वतःचा नियम असा आहे की हॉल आमच्याच गावात असेल आणि मधे तीन तासांच्या वर मोकळे असतील, म्हणजे पोरं घरी जाऊन बॅटऱ्या चार्ज करून येऊ शकतील, तर मी तो वेळ धरत नाही. बाहेरगावी असेल तर धरतो, पण निम्मा. तुमचं नाशिकचं लग्न आणि फोटोग्राफरही नाशिकचाच असेल तर मागायला काही हरकत नाही, जास्तीत जास्त तो निम्म्यावर येईल. हॉल शहराबाहेरच्या लॉनवर असेल तर मात्र एवढी अपेक्षा ठेवू नका. आणि हे बोलणं ॲडव्हान्स द्यायच्या आधी, नंतर नाही.

तिसऱ्याचं "फुल डे" हे मला सगळ्यात जास्त खटकतं. ते 12 तास तुम्ही धरलेत, त्याने लिहिलेले नाहीत. मी पण सुरुवातीला कोटेशनमध्ये "पूर्ण दिवस" असंच लिहायचो, छान वाटायचं लोकांना. एका लग्नात रिसेप्शन नंतर वरात काढली, साडेअकरा वाजले, माझी पोरं सकाळी सातपासून उभी, मी म्हटलं आता आम्ही निघतो आणि नवऱ्याचे काका म्हणाले की दिवस रात्री 12 ला संपतो. त्यांचंही चूक नव्हतं, लिहिलं मीच होतं! त्या दिवसापासून मी सुरू व्हायची आणि संपायची वेळ लिहितो. फुल डे लिहिणारा माणूस रिसेप्शनला 9 वाजता कॅमेरा बॅगेत भरू शकतो किंवा रात्री 12 पर्यंत थांबू शकतो, तुम्हाला आधी कळायला मार्ग नाही. वेळ लिहून घ्या.

जादा दिवसाबद्दल एकच विचारा, त्या दिवशी येणार कोण. पहिल्याचे 30,000 दोन माणसांचे आहेत, पण ज्याचं काम इन्स्टावर बघून तुम्ही भुललात तो कँडिडवाला त्या दोघांत आहे का, की हळदीला शिकाऊ मुलगा पाठवणार? हळद खरं तर कँडिडसाठी सगळ्यात चांगली, दिवसाचा उजेड, लोक मोकळे, कोणी पोज देत नाही. याउलट सीमांत पूजन आणि साखरपुड्याला साधा ट्रॅडिशनल माणूस पुरतो, ओवाळणं, अंगठी, घरच्यांचे ग्रुप फोटो. आणि काही जण दिवस न मोजता फंक्शन मोजतात, हळद एक आणि साखरपुडा दुसरं, मग तुमच्या एका आदल्या दिवसाचे दोन होतात. कोटेशनमध्ये "दिवस" लिहिलंय की "फंक्शन" ते नीट वाचा.

आता अल्बम. इथे एक शब्द तुम्ही वाचून पुढे गेलात. पहिल्याने 30 शीट लिहिलंय, बाकी दोघांनी पानं. अल्बम उघडल्यावर डावीकडून उजवीकडे जे सलग पसरतं ती एक शीट, आपल्याकडे बहुतेक 12 बाय 36 इंच, आणि ती मधे दुमडली की दोन पानं. म्हणजे 40 पानी अल्बम 20 शीटचा झाला आणि 50 पानी 25 शीटचा. ऐकायला पहिल्याचा अल्बम सगळ्यात लहान वाटतो, आहे सगळ्यात मोठा. काही जण मात्र शीटलाच पान म्हणतात, त्यामुळे अंदाज बांधू नका, फोनवर सरळ विचारा की उघडल्यावर समोर दिसतं ते एक धरलंय की दोन.

किती शीट लागतील? एका शीटवर चार ते सहा फोटो नीट बसतात, सरासरी पाच धरा. 30 शीटमध्ये दीडशे फोटो. दोन दिवसांच्या लग्नाला एवढं पुरतं, पण एका अटीवर, की रिसेप्शनच्या स्टेजवरचे भेटीचे फोटो यात घालायचे नाहीत. शंभर कुटुंबं स्टेजवर येतात, प्रत्येकाला वाटतं आपला फोटो अल्बममध्ये असावा, आणि घरातलं कोणीतरी मोठं माणूस म्हणतं की आत्याच्या सासरच्यांचा नसला तर बरं दिसत नाही. मग डिझायनर एका शीटवर वीस-वीस चौकोन टाकतो, चेहरे हरभऱ्याएवढे होतात आणि ती शीट पुन्हा कोणी उघडून बघत नाही. ते फोटो नुसते पेनड्राइव्हमध्ये घ्या आणि ज्यांचे त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवा. उलट घरच्या वीस-पंचवीस जणांचा ग्रुप फोटो असेल तर त्याला अर्धी शीट तरी द्या.

जादा शीटचा खर्च कधी अंगावर येतो तर लग्नानंतर, फोटो निवडताना. सगळे बसतात, 150 निवडायचे असतात आणि 240 निघतात, कोणीच काढू देत नाही. 90 फोटो म्हणजे 18 शीट. दुसऱ्याच्या दराने 12,600. तेव्हा घासाघीस करायची तुमची ताकद संपलेली असते कारण फोटो त्याच्याकडे असतात. म्हणून पहिल्याकडून आणि तिसऱ्याकडून पण जादा शीटचा दर आजच घ्या, तुमच्या कोटेशनमध्ये तो फक्त दुसऱ्याने लिहिलाय. आणि निवड लवकर करा. माझ्याकडे एक जोडपं निवड करायला बाळाच्या बारशानंतर आलं होतं, तोपर्यंत त्या प्रकारचा कागदच लॅबने बंद केलेला.

दुसऱ्याचा अल्बम पहिल्याइतका करायचा तर 10 शीट जादा, 7,000. म्हणजे रिकामा वेळ सोडून आणि तास एकत्र धरून तो 1,27,000 ला पडतो.

एडिटिंगमध्ये तीन वेगवेगळी कामं असतात आणि कोटेशनमध्ये तिन्हीला एकच शब्द. एक कलर करेक्शन, म्हणजे उजेड-अंधार आणि रंग सारखे करणं, हळदीचा पिवळा चेहऱ्यावर चढतो तो उतरवणं, हॉलच्या लाल-निळ्या लाइटचा डाग काढणं. हे शेकडो फोटोंना एकत्र लावता येतं, ते पॅकेजमध्येच असायला हवं, त्याचे वेगळे पैसे मी तरी कधी घेतले नाहीत. दुसरं रिटचिंग, म्हणजे एकेक फोटो उघडून पिंपल काढणं, मागची प्लास्टिकची खुर्ची किंवा लोंबणारी वायर घालवणं. याला फोटोमागे पाच-दहा मिनिटं सहज जातात, म्हणून याचे पैसे असतात आणि ते योग्यच आहेत. तिसरं अल्बमचं डिझाईन आणि व्हिडिओचं कटिंग. तिसऱ्याच्या 80 रुपयात यातलं नेमकं काय येतं ते विचारा. कलर करेक्शनचेच 80 असतील तर तुम्हाला एकही फोटो फुकट वापरण्याजोगा मिळणार नाही, सगळे कॅमेऱ्यातून निघालेत तसे. अल्बमचे सव्वाशे आणि मोबाईलवर पाठवायला, स्टेटसला ठेवायला तितकेच धरले तर 250 फोटो, 20,000. त्याच्या 90,000 चे 1,10,000 झाले.

दुसऱ्याने "एडिटिंग धरून" लिहिलंय त्यालाही हद्द असतेच. किती फोटो रिटच करणार, व्हिडिओ किती मिनिटांचा, आणि बदल किती वेळा करून देणार. माझ्याकडे अल्बमच्या डिझाईनला दोन वेळा बदल फुकट आहेत, तिसऱ्यापासून पैसे, कारण नाहीतर आधी ताई सांगते, मग जावई, मग सासूबाई, आणि फोटो फिरून पहिल्या जागी येतात.

आता ते बाजूला लिहिलेले माणूस-तास घ्या. तिसरा 1,10,000 भागिले 35, साधारण 3,140. पहिला 1,23,500 भागिले 46, साधारण 2,685. दुसरा 1,27,000 भागिले 57, साधारण 2,230. तुमच्या हिशोबात जो सगळ्यात स्वस्त होता तो सगळ्यात महाग निघाला. त्याच्याकडे दोन अल्बम आहेत हे खरं, दुसऱ्या अल्बमचे 15,000 बाजूला काढले तरी तो 2,700 च्या आसपास येतो, म्हणजे पहिल्याच्या बरोबरीला, आणि माणसं दोनच. मुलाकडच्यांना वेगळा अल्बम द्यायचाच असेल तर दुसऱ्याकडून कॉपीचा दर मागा, त्याच डिझाईनची दुसरी प्रत असल्यामुळे फक्त छपाई आणि बाइंडिंगचे पैसे पडायला हवेत.

पहिला आणि दुसरा यात 3,500 चा फरक आहे आणि त्यात लग्नाच्या दिवशी एक माणूस जास्त मिळतोय, त्यामुळे कागदावर मी दुसरा घेईन. पण दोन गोष्टींनी हे फिरू शकतं. दुसऱ्याने जीएसटी वेगळा लावला तर 18 टक्क्यांनी तो 1,50,000 च्या जरा खाली जातो, म्हणून रक्कम कर धरून आहे का ते तिघांनाही विचारा. आणि घरचं लग्न लहान असेल, दीडशे-दोनशे माणसं, एकच स्टेज, तर चार माणसं एकमेकांच्याच फ्रेममध्ये येतात, तिथे तीन चांगली. रिसेप्शनला तर कितीही मोठं असलं तरी दोघंच पुरतात, स्टेजवर चार कॅमेरे कशाला? दुसऱ्याला विचारून बघा की रिसेप्शनला दोन माणसं कमी केली तर त्या बदल्यात हळदीला कँडिडवाला देतो का. माणूस-तास त्याचे उलट कमीच होतात त्यामुळे नाही म्हणायला त्याला फारसं कारण नाही, आणि तुम्हाला हळद चांगली मिळते.

एक मेसेज लिहून देतो, तिघांना सारखाच पाठवा, वर तुमचं वेळापत्रक चिकटवून: "या वेळेनुसार दोन्ही दिवसांची एकूण रक्कम कर धरून सांगा. मधला रिकामा वेळ तासात धरणार का? कोणत्या कार्यक्रमाला कोण आणि किती जण येतील? अल्बम 12 बाय 36 च्या 30 शीटचा धरा, पुढच्या शीटचा दर द्या. सगळ्या फोटोंचं कलर करेक्शन यात आहे का, आणि रिटच केलेले किती मिळतील?" उत्तर व्हॉट्सॲपवरच लेखी घ्या, फोनवर नको. तिसऱ्याने यात रात्री साडेदहापर्यंतची वेळ लिहून दिली आणि तिसरा माणूस 15,000 च्या आत वाढवून दिला तर मात्र त्याचा हिशोब पुन्हा मांडावा लागेल, तेव्हा तो आकडा इथे टाका, मी बघतो.